आजीला सर्दी-खोकला: वाफ द्यायची की पातळ पदार्थांवर भर द्यायचा?

थंडी सुरू झाली की घरोघरी टोप, टॉवेल आणि बामची बाटली बाहेर येते. आमच्याकडे आई 76 वर्षांची, बीपीची गोळी चालू, आणि मागच्या डिसेंबरात सर्दीचे पाच-सहा दिवस दोन्ही करून बघितलं, म्हणून लिहितेय.

वाफेने नाक मोकळं वाटतं हे खरं, पण अर्धा-पाऊण तास, मग परत जैसे थे. वाफेने सर्दी लवकर बरी होत नाही, फक्त आराम मिळतो. आणि म्हाताऱ्या माणसाला उकळत्या पाण्याच्या टोपावर वाकवायचं म्हणजे जोखीम आहे, हात थरथरतो, चक्कर येते, टोप मांडीवर सांडला की सर्दी राहते बाजूला आणि भाजल्याचा दवाखाना होतो. आमचा टोप असाच कलंडता कलंडता वाचला. तेव्हापासून वाफेचं छोटं मशीन टेबलावर ठेवतो, पाणी साधंच, पाच मिनिटं, आणि शेजारी कोणीतरी बसलेलं. डोक्यावर टॉवेल घेणं बंद.

पातळ पदार्थांचं काम दिसत नाही पण होतं जास्त. वयात तहान कमी लागते, तापात पाणी आणखी जातं, मग कफ घट्ट होतो आणि खोकून सुटत नाही. "पाणी देऊ का" विचारलं की आई नाहीच म्हणणार, म्हणून विचारायचं नाही, दर तासाला अर्धा कप समोर ठेवायचा: कोमट पाणी, पेज, मुगाचं कढण. लघवी गडद पिवळी आणि कमी होत असेल तर पुरत नाहीये. मात्र हार्ट फेल्युअर किंवा किडनीमुळे डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर तेच माप पाळायचं, सूपमधलं मीठसुद्धा धरून.

म्हणजे एकच नीट जमणार असेल तर मी पातळ पदार्थच निवडेन, वाफ झोपेआधी एकदा, मागितली तर. आणि हो, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या मनाने देऊ नका, त्यातल्या बऱ्याच बीपी वाढवतात.

आता थांबायचं कधी? चौथ्या दिवशी आईला ताप नव्हता, पण ती दुपारी जेवली नाही आणि "आज कोण येणार होतं" हे तीनदा विचारलं. वयस्कर माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही, असं अचानक गोंधळणं किंवा अंथरूण न सोडणं हीच खूण असू शकते. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले, शांत बसलेली असताना 26. ऑक्सिमीटर 92, बोट चोळून गरम करून परत बघितलं तरी तेवढंच (नेलपॉलिश असेल तर काढून मग लावा). लगेच रिक्षा केली. एक्स-रेत उजव्या बाजूला न्यूमोनिया निघाला.

छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, थुंकीत रक्त, बोलताना धाप, किंवा बरं वाटून पुन्हा ताप येणं, यातलं काही दिसलं तर वाफही नको आणि काढाही नको, तडक हॉस्पिटल. धाप जास्त असेल तर रिक्षा शोधत बसू नका, 108 ला फोन करा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्या.