घरून रुजू होणाऱ्याची पहिल्या आठवड्याची यादी: त्याच्याच हाती द्यायची की सोबत्याच्या?

उदगीरहून घरूनच काम करणारा मुलगा आमच्या टीममध्ये आला, तेव्हा मी त्याच्या खाजगी मेलवर 22 कामांची शीट पाठवली आणि एकेक टिक करत जा म्हणालो. बुधवारी पाहिलं तर 9 टिका होत्या, सगळ्या वाचायच्या कागदांच्या. ऑफिसचा मेल उघडायला फोनमधलं ऑथेंटिकेटर ॲप जोडावं लागतं आणि ते जोडायची लिंक ऑफिसच्याच मेलवर गेली होती. दोन दिवस तो तिथेच अडकला होता. "सर, कुणाला ओळखत नाही, मग कुणाला विचारू?" म्हणाला. चूक माझी होती.

पुढची मुलगी अंबाजोगाईची. या वेळी यादी टीममधल्या एका सोबत्याकडे दिली. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहिल्या: कोण करणार, कधीपर्यंत, आणि झालं हे कसं कळणार. "रेपोचा ॲक्सेस" असं न लिहिता "तिने `git clone` करून दाखवलं" असं लिहिलं. लॅपटॉप पोचल्यावर, रुजू व्हायच्या दोन दिवस आधी, सोबत्याने फोनवर बोलत लॉगिन करून घेतलं. ॲप जोडायची लिंक खाजगी मेलवर दिली. बुधवारपर्यंत तिने एका एरर मेसेजमधलं शुद्धलेखन सुधारून मर्ज केलं. बदल एका शब्दाचा, पण त्यात ब्रँच, रिव्ह्यू, टेस्ट सगळं येतं, आणि कुठला ॲक्सेस राहिलाय ते तिथेच उघडं पडतं.

ओळखीतही फरक पडला. मुलाला आम्ही 12 जणांच्या एका कॉलवर बसवलं होतं. त्याला नावंही लक्षात राहिली नाहीत. मुलीने पाच जणांशी वीस-वीस मिनिटं बोलणं केलं आणि प्रत्येकाला एकच विचारलं: कशासाठी तुमच्याकडे यायचं?

सोबत्याच्या यादीला वेळ मोजावा लागतो. पहिले दोन दिवस तासभर, नंतर रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्याचे साडेतीन तास. तेवढं त्याचं काम आधीच कमी करावं लागतं. तो रजेवर गेला तर सगळं थांबतं, म्हणून दुसरं नावही लिहून ठेवा.

येणारा माणूस टीममधल्या दोघा-तिघांसोबत आधी काम केलेला असेल, तर साधी शीट पुरते. पॅन, बँक खातं, पीएफचं नामनिर्देशन ही कामं मी अजूनही शीटवरच ठेवतो. त्यात अडलं तर एचआरला विचारायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण कुणालाच न भेटलेल्या माणसासाठी मी सोबत्याचीच यादी घेईन.

एक ओळ मात्र दोन्हींत हवी: गावात वीज कधी जाते. अंबाजोगाईच्या मुलीला ते सोमवारी विचारलं आणि तिचे सगळे कॉल त्या वेळा सोडून लावले.