सबटायटल लावून आणि काढून: सात महिन्यांनंतरचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. माझं लिहिण्यावाचण्यातलं इंग्रजी बरं आहे. फोनवर मात्र बोंब होती. मेलबर्नचं एक गिऱ्हाईक बोलताना 'राइट, राइट' करतंय असं मला वाटलं, म्हणून मीही 'येस सर, राइट' म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत त्याचा ई-मेल आला की भाव सांगायचा राहिला. तो 'रेट' विचारत होता. ऑस्ट्रेलियन तोंडात 'रेट' बराचसा 'राइट'सारखा आणि 'टुडे' 'टुडाय'सारखा वाजतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शेठ काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं, तेवढं पुरलं.

भाच्यानं सल्ला दिला, "मामा, इंग्रजी पिक्चर बघा, खाली सबटायटल लावा." सात महिने तेच करतोय. त्यातले पहिले दोन जवळजवळ वाया गेले. ते का, हेच सांगायचंय.

पहिली चूक म्हणजे मी हिंदी सबटायटल लावली. पिक्चर छान कळायचा, रडूसुद्धा यायचं, पण महिन्यानं कानात काहीच शिल्लक नव्हतं. डोळ्यांना अर्थ आयता मिळाला की कान निवांत झोपतात. पुढे वाचनात आलं की मिटरर आणि मॅक्क्वीन या दोन संशोधकांनी २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये हेच तपासलं होतं. डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन ढंगाचं इंग्रजी ऐकवलं. इंग्रजी सबटायटल असलेल्यांचा कान त्या ढंगाला सरावला. डच सबटायटलवाल्यांना अर्थ कळला, पण नवीन वाक्यं ऐकताना त्यांना सबटायटलचा फायदा तर झाला नाहीच, उलट अडथळाच झाला. तेव्हा मातृभाषेतली किंवा हिंदीतली ओळ सगळ्यात आधी काढा, पहिल्याच दिवशी.

दुसरी चूक पिक्चरच्या निवडीची. मी मारामारीचा घेतला. त्यात बोलणं कमी, स्फोट जास्त, आणि जे बोलतात ते कुजबुजत. शेवटी एक साधा ऑस्ट्रेलियन कौटुंबिक पिक्चर धरला: स्वयंपाकघर, गाडी, पैशावरून भांडण. फोनवर मला साधारण असलंच इंग्रजी लागतं.

पातळी बरोबर आहे का, हे आता मी असं बघतो. मधलीच पाच मिनिटं सबटायटलशिवाय ऐकायची. मग तेवढाच भाग कागदावरच्या मजकुरासारखा वाचायचा. सबटायटलची `.srt` फाइल नोटपॅडमध्ये सरळ उघडते. वाचतानाच दर वीस शब्दांत एकापेक्षा जास्त शब्द अनोळखी निघाले, तर पिक्चर जड आहे, तो बाजूला ठेवायचा. वाचून सगळं कळतंय पण ऐकताना अर्धंच कळलं होतं, तर तोच आपला पिक्चर. पहिल्या बाबतीत शब्दसंग्रह कमी पडतो, दुसऱ्या बाबतीत कान. सबटायटलचा खरा उपयोग दुसऱ्या दुखण्यावर आहे.

नमुना म्हणून अशी एक ओळ घ्या:

```
214
00:17:32,400 --> 00:17:33,700
What are you going to do about it?
```

आठ शब्द, आणि वेळ एक पूर्णांक तीन दशांश सेकंद. यातला एकही शब्द चौथीतल्या पोराला नवीन नाही. पण बोलणारा एकेक शब्द सुटा करून बोलत नाही. कानावर येतं ते 'वचा गना डू अबाउडिट'. 'व्हॉट आर यू'चा 'वचा' होतो, 'गोइंग टू'चा 'गना' होतो, आणि 'अबाउट इट'मधला 'ट' दोन स्वरांत सापडून 'ड'सारखा वाजतो. आपणही 'काय करतो आहेस'चं 'काय करतोयस' करतोच की. आपलं आपल्याला खटकत नाही, एवढंच.

म्हणून आता रोज तीन-चार मिनिटांचाच तुकडा घेतो. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये आधी सबटायटल बंद करून ऐकतो. जिथे अडलो तिथे `Shift + ←` दाबलं की तीन सेकंद मागे जाता येतं. दोनदा ऐकूनही नाही लागलं तर जे ऐकू आलं ते देवनागरीत वहीत लिहितो, कितीही वेडंवाकडं असो. मगच `V` दाबून इंग्रजी ओळ बघतो, पुन्हा `V` दाबून ती घालवतो आणि तेच वाक्य परत ऐकतो. ही शेवटची फेरी चुकवली तर सगळी मेहनत फुकट, कारण कान सुधारतो तो याच फेरीत. आधी ओळ वाचली की उलटं होतं. अख्खी ओळ एकदम पडद्यावर येते, डोळा आवाजाच्या पुढे पळतो, आणि आपल्याला वाटतं आपण ऐकलं.

(जाता जाता: हे करताना भडंग खाऊ नका. कुरकुरीत निम्मी व्यंजनं जातात.)

वहीत दोन रकाने आहेत. 'शब्दच माहीत नव्हता' आणि 'माहीत होता, ऐकू आला नाही'. सुरुवातीला अडलेल्या दहा वाक्यांतली सात-आठ दुसऱ्या रकान्यात जायची. तो रकाना ओस पडायला लागला की सबटायटल काढायची वेळ आली असं समजतो. मोजायचं मात्र कधीही न पाहिलेल्या प्रसंगावर. चारदा ऐकलेला प्रसंग पाठ झालेला असतो. ती आठवण असते, ऐकणं नव्हे. माझा हिशोब असा: नव्या प्रसंगातली सलग दहा वाक्यं, त्यातली आठ पहिल्या झटक्यात कळली, आणि हे तीन दिवस टिकलं, तर त्या पिक्चरला सबटायटल बंद. दुसरा पिक्चर, दुसरे आवाज, की हिशोब परत पहिल्यापासून.

तिसऱ्या महिन्यात मी जोशात येऊन सबटायटल कायमची काढली होती. दोन आठवडे गोष्ट कळत होती, म्हणून खूश होतो. वहीतला आकडा मात्र जागचा हलला नाही. मी चेहरे आणि प्रसंग बघून अंदाज बांधत होतो आणि चुकीचं ऐकलेलं तपासत नव्हतो. तेव्हापासून सबटायटल बंद असली तरी फाइल शेजारी उघडी असते, अडलेली ओळ शेवटी बघायला.

फाइल घेताना एक पाहायचं: बोललेला शब्द न् शब्द तिच्यात आहे का. पुष्कळ सबटायटल वाचायला सोपी जावीत म्हणून कापलेली असतात. ऐकू येतं एक, लिहिलेलं दुसरं, आणि आपण आपल्या कानाला दोष देत बसतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेली, ज्यात 'दार वाजते' असंही लिहिलेलं असतं, ती बहुधा बोलण्याच्या जास्त जवळ असतात. डब केलेल्या पिक्चरला तर हे वापरूच नका. डबिंग ओठांच्या हालचालीला जुळवतात, सबटायटल वेगळ्या भाषांतराची असते, दोन्ही जुळत नाहीत.

पाचव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा पडद्यावर टॉवेल टाकतो. बायको हसते. पण फोनवर समोरच्याचे ओठ कुठे दिसतात? पहिल्या दिवशी दहातली आठ वाक्यं थेट पाचावर आली.

अजूनही दोघं एकदम बोलले किंवा मागे गाणं असलं की माझं गाडं अडतं. तिथे मी मुकाट्यानं सबटायटल लावतो. मेलबर्नवाल्याचा फोन गेल्या आठवड्यात आला होता. 'रेट' पहिल्याच फटक्यात कळला. पुढे त्यानं हसत हसत काहीतरी विनोद केला, तो काही कळला नाही, आणि त्याला सबटायटल नव्हती.