साउंडप्रूफिंगच्या नावाखाली आमच्या गळ्यात फोम मारला

इंदिरानगरमधील आमच्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर ड्रम, बेस गिटार आणि ढोलकीचा सराव चालतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती खोली साउंडप्रूफ करून देण्याचे काम आम्ही एका ठेकेदाराला दिले. ४२० चौरस फूट फोमचे २४० रुपये दराने १,००,८०० रुपये आणि दरवाजाच्या पट्ट्यांचे १८,००० रुपये, असे एकूण १,१८,८०० रुपये त्याने घेतले. त्याच रात्री शेजारच्या काकूंनी पूर्वीसारखीच भिंत ठोकली.

काम दाखवताना त्याने खोलीच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवली. घुमारा खरोखरच गेला होता. संशय यायचा तो इथेच, कारण टाळी आत वाजत होती आणि ऐकणारेही आतच होते. पण खोली इतकी शांत भासत असताना काकूंच्या बैठकीत जाऊन कान द्यावा, हे संगीत शिकलेल्या माणसालाही सहज सुचत नाही. त्याचा धंदा यावरच चालतो.

फोम आतला प्रतिध्वनी शोषतो, आवाज बाहेर जाण्यापासून अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली आमची अर्ध्या विटेची सामाईक भिंत चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरते. पाच सेंटिमीटर जाडीच्या, ३२ घनतेच्या फोमने त्यात जेमतेम दीड किलोची भर पडली. भिंतीचे वजन दुप्पट केले तरी साधारण सहाच डेसिबल कमी होतात, मग दीड किलोने काय होणार? म्हणूनच जुन्या भिंतीला न टेकणारी वेगळी चौकट, पोकळीत रॉकवूल आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर लागतात. ड्रमचा धक्का फरशीतून जातो, तेव्हा फरशीही रबरावर उचलावी लागते. माहितीपत्रकावरचा एनआरसी ०.८५ हा आकडा शोषणाचा आहे. भिंतीसाठी एसटीसी, म्हणजे आवाज किती अडतो याचा आकडा, विचारा, आणि तोही १२५ हर्ट्झच्या खालच्या बेसबद्दल काही सांगत नाही. दरवाजाखालची फट आधी बुजवा, कारण एक टक्का जागा उघडी राहिली तर उरलेली भिंत कितीही भक्कम असली तरी वीस डेसिबलपलीकडे फायदा मिळत नाही. आमच्या १८,००० रुपयांच्या पट्ट्यांखालून अजूनही उजेड दिसतो.

पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला आहे" असे सांगून आम्हाला वाटेला लावले. काकूंनी आमच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा मात्र याच चौकीतून तासाभरात हवालदार दारात उभा होता! दुसऱ्या एका कार्यालयात बिलावर "अकूस्टिक ट्रीटमेंट" लिहिले आहे आणि ती तर झालेली आहे, असे उत्तर मिळाले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार ग्राहक आयोगात विनाशुल्क दाखल होते, ही साधी गोष्ट यांपैकी एकानेही सांगितली नाही.

कोणालाही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी शेजारच्या खोलीत किती डेसिबल कमी होतील, हे बिलावर लिहून घ्या आणि मोजणी तिथेच, ड्रम वाजत असताना करा. साध्या फोमला आग झटकन लागते, तेव्हा प्लगपाशी तो अजिबात लावू देऊ नका.