लेजर बॅलन्स की अव्हेलेबल बॅलन्स, खरा कुठला?

दोन्ही खरेच असतात, फक्त दोघं वेगळं सांगतात. लेजर म्हणजे बँकेच्या वहीत आत्तापर्यंत ज्या नोंदी पडल्यात त्यांची बेरीज-वजाबाकी, आणि अव्हेलेबल म्हणजे त्यातले आत्ता या मिनिटाला तुम्ही काढू शकता ते.

समजा लेजर दाखवतंय २०,०००. त्यात काल भरलेल्या चेकचे ८,००० आहेत, नोंद पडलीय पण समोरच्या बँकेकडून पैसे अजून यायचेत, म्हणून त्यांना हात लावता येत नाही. वर हॉटेलवाल्याने चेक-इनला डेबिट कार्डवर ३,००० ब्लॉक करून ठेवलेत. म्हणजे अव्हेलेबल उरला ९,०००, आणि तुम्ही १२,००० काढायला गेलात की एटीएम सरळ नाही म्हणणार.

आता गंमत बघा. चेक बाउन्स झाला तर लेजर धाडकन १२,००० वर येतो पण अव्हेलेबल ९,०००च राहतो, कारण ते ८,००० त्यात कधी धरलेच नव्हते (बाउन्सचा चार्ज लागला तर तो दोन्हीतून जातो). हॉटेलचा ब्लॉक सुटला तर बरोब्बर उलटं, अव्हेलेबल ३,०००ने वाढतो आणि लेजर ढिम्म, म्हणूनच स्टेटमेंटमध्ये रिफंड शोधत बसलात तरी तो सापडत नाही, मुळात पैसे खात्यातून गेलेच नव्हते ना!

काही बँका लेजर म्हणून दिवसाच्या सुरुवातीचा आकडा दाखवतात, तिथे सकाळी केलेला खर्चसुद्धा फरकात दिसतो. मी तर पैसे काढताना फक्त अव्हेलेबलच बघतो.