फोटोवरून बिलाची नोंद: आठ महिन्यांनंतर माझी भिस्त अक्षरी रकमेवर

सांगलीत आमचं पाइप, फिटिंग आणि ठिबक-तुषारच्या सामानाचं दुकान आहे. काउंटर सासरे बघतात, खरेदीची बिलं मी संगणकात चढवते. महिन्याला साठ-सत्तर बिलं असतात. दिवाळीनंतर फोटोवरून मजकूर काढणारं एक ॲप घेतलं, त्याला आता आठवा महिना लागलाय. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. मैत्रिणीकडचं दुसरं ॲपही मी वापरून बघितलं, चुका त्याच जागी होतात. तेव्हा हा अनुभव ॲपचा कमी आणि बिलाच्या कागदाचा जास्त समजा.

वेळ वाचतो का? वाचतो. चार ओळींचं बिल हाताने चढवायला मला सहा-सात मिनिटं लागायची, आता तपासणी धरून तीन लागतात. पण त्या तपासणीत काय बघायचं हे कळायला दोन महिने गेले. सुरुवातीला मी स्क्रीनवरचे आकडे बघायचे, बेरीज जुळली की पुढे जायचे. तिथंच फसले.

ते बिल सांगते. कोल्हापूरकडच्या पुरवठादाराचं, चार ओळींचं. टेम्पोवाल्याने चौघडी घालून खिशात ठेवलेलं. पहिली ओळ पीव्हीसी पाइप, २० नग, दर ४१२.५०, करपात्र रक्कम ८,२५०. दुसरी सॉल्व्हंट, म्हणजे पाइप चिकटवायचं सोल्यूशन, १२ डबे, दर १४५, रक्कम १,७४०. तिसरी बॉल व्हॉल्व्ह, ३० नग, दर ११८, रक्कम ३,५४०. चौथी तुषारचे नोझल, ४० नग, दर ९६.५०, रक्कम ३,८६०. पहिल्या तिन्हींवर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. नोझलवर अडीच-अडीच, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून तुषार आणि ठिबकचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

कागदाची घडी बरोबर दुसऱ्या ओळीवरून गेली होती आणि खालच्या एकूण रकमेवर जांभळा शिक्का बसला होता. ॲपने काय करावं? दुसरी ओळ गाळली. शिक्क्याखालचा आकडा वाचता येईना म्हणून उरलेल्या तीन ओळींची स्वतःच बेरीज केली आणि ‘एकूण’च्या रकान्यात १७,९६५ टाकले. माझ्यासमोर तीन ओळी, प्रत्येक ओळीचा कर टक्क्याशी जुळतोय, बेरीजही जुळतेय. मी ‘ठीक आहे’ म्हणून दाबणार होते.

तेवढ्यात मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) चहाचा कप ठेवायला आले. त्यांची सवय अशी, की बिल हातात आलं की आधी तळाची अक्षरी ओळ वाचायची. मोठ्याने वाचली, “रुपीज ट्वेंटी थाउजंड एटीन ओन्ली.” मग माझ्या स्क्रीनकडे बघून, “अगं, तुझ्याकडं सतरा हजार कसं काय?”

वीस हजार अठरा उणे सतरा हजार नऊशे पासष्ट, फरक २,०५३. एवढ्या फरकावरूनही हरवलेली ओळ सापडते. एकच ओळ गेली असेल तर फरकात तिची रक्कम अधिक कर असतो. २,०५३ ला १.१८ ने भागलं तर १,७३९.८३ येतात. राउंड ऑफचे पैसे सोडले तर १,७४०. १.०५ ने भागलं तर १,९५५.२४ येतात, तशी ओळ बिलात कुठंच नाही. घडी उलगडून बघितली तर १२ डबे, दर १४५. पूर्ण बिलाची करपात्र रक्कम १७,३९०, सीजीएसटी १,३१४.२०, एसजीएसटी तेवढाच, मिळून २०,०१८.४०, आणि राउंड ऑफचे ४० पैसे वजा होऊन २०,०१८.

त्या दिवशी पहिलं काम केलं ते म्हणजे ॲपची ‘बेरीज आपोआप भरा’ ही सोय बंद केली. आपल्याला बिलाची नक्कल हवी असते, हिशेब नको. जे वाचता आलं नाही तो रकाना मोकळा राहिला तर मला दिसतो. गणित करून भरला तर तो खरा वाटतो, आणि चूक झाकली जाते. ॲप घेताना ही सोय बंद करता येते का, एवढं आधी बघा.

आकडा आणि अक्षर यांत फरक काय, तर इंग्रजी आकड्यात एक टोक पुसलं की 8 चा 3 होतो, एक रेघ वाढली की 1 चा 7 होतो. २०,०१८ चे २०,०७८ व्हायला शिक्क्याची एक रेघ पुरते. पण ‘एटीन’ या शब्दातलं एखादं अक्षर गेलं तरी तो ‘सेव्हंटी एट’ होत नाही. दुसरं म्हणजे अक्षरी ओळ करांच्या कोष्टकाबाहेर, सहसा मोकळ्या जागेत छापलेली असते. कोष्टकाच्या रेघा तिच्यात घुसत नाहीत. गंमत म्हणजे नियमाने बिलावर जे जे हवं त्यात अक्षरी रक्कम नाहीच, ती नुसती रीत म्हणून चालत आलीय.

एक खोड मात्र तिचीही आहे. रक्कम मोठी असली की ही ओळ दुसऱ्या ओळीवर मोडते. एका बिलात ॲपने ‘वन लाख फोर्टी टू थाउजंड’ एवढंच उचललं, पुढचे शेकडे खालच्या ओळीत राहिले. म्हणून शेवटी ‘ओन्ली’ किंवा ‘मात्र’ आलंय का हे मी आधी बघते. नसेल तर ओळ अर्धी आहे.

आणि तिची मर्यादाही ओळखून असावं. संगणकावरच्या बिलात अक्षरी रक्कम त्याच एकूण आकड्यावरून निघते. पुरवठादाराने दरच चुकीचा लावला असेल तर अक्षरातही तीच चूक सुबकपणे छापून येते. आपण नीट वाचलंय का एवढंच ती सांगते, बिल बरोबर आहे का ते नाही.

ओळीच्या आतली चूक पकडायला कराचा रकाना कामाला येतो. डॉट मॅट्रिक्सच्या एका फिकट बिलात व्हॉल्व्हचे ३,५४० ॲपने ३,८४० वाचले. शेजारी सीजीएसटी ३१८.६० होता. ३,८४० चे ९ टक्के ३४५.६० होतात, ३,५४० चेच ३१८.६०. शिवाय ३० गुणिले ११८. एकाच आकड्याला दोन साक्षीदार. शीटमध्ये मी करपात्र रक्कम F मध्ये, सीजीएसटीचा दर G मध्ये आणि कर H मध्ये ठेवते, आणि शेजारी हे सूत्र:

```
=ROUND(F2*G2/100-H2,2)
```

शून्य आलं की ठीक. एखादा पैसा इकडंतिकडं झाला तर सोडून देते, रुपयात फरक दिसला की कागद परत हातात घेते.

नोझलच्या ओळीने मात्र मजा केली होती. दर ९६.५०, सीजीएसटी ९६.५०, एसजीएसटीही ९६.५०, कारण ४० नगांचे अडीच टक्के म्हणजे बरोबर एक नग. एका ओळीत तीनदा तोच आकडा बघून मला वाटलं ॲप अडखळलंय. ते बरोबर होतं, मीच दहा मिनिटं घालवली.

सांगलीत राहून आमची दुसरी अडचण सरहद्दीची. निम्मा माल कोल्हापूर-इचलकरंजीकडून, काही बेळगावकडून. काही पुरवठादारांच्या बिलात सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी असे तिन्ही रकाने छापलेले असतात आणि लागू नसलेले कोरे. कोरा रकाना ॲपला दिसतच नाही, ते पुढचा आकडा डावीकडे सरकवतं. बेळगावच्या बिलाचा १८ टक्के आयजीएसटी माझ्याकडे सीजीएसटीत येऊन बसला होता. एकूण रक्कम जुळते, अक्षरी जुळते, तरी नोंद चूक. इथं उपाय एकच, पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक. आमच्या खरेदीत २७ असेल तर कर दोन भागांत, २९ असेल तर कर्नाटक, म्हणजे सगळा आयजीएसटी. त्याच क्रमांकात चौदावं अक्षर सहसा Z असतं, ॲप ते 2 वाचतं, तेही त्याच नजरेत दुरुस्त होतं.

आता कोड. इथं ॲपने मला खरंच वैताग दिला. कोडला बेरीज नसते, टक्का नसतो, साक्षीदार कोणीच नाही. BV-0150 चा 8V-0150 झाला तरी बिलातलं एकही गणित बिघडत नाही. मग स्टॉकमध्ये एक नवाच माल उभा राहतो आणि महिनाअखेर व्हॉल्व्ह तीस कमी भरतात. मी पुरवठादाराप्रमाणे कोडची यादी केलीय. यादीत नसलेला कोड आला की तो लाल होतो, मग कागद बघून हाताने घालते.

एक्सेलचा उपद्व्याप वेगळा. माझ्या भावाची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. त्याचा एचएसएन कोड 0910. शीटमध्ये चिकटवला की पुढचं शून्य उडून 910 राहायचं. आमच्याकडे 12-05 नावाचा एल्बो आहे, त्याची तारीख व्हायची. कोडचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा आणि मगच चिकटवायचं. चिकटवल्यावर टेक्स्ट केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

फोटोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काचेच्या काउंटरवर नको, चमक येते. घडी हाताने दाबून, दाराच्या उजेडात, बरोबर वरून. कार्बनची गुलाबी प्रत असेल तर मी आता फोटोच काढत नाही, मूळ प्रत मागते. माल घेणाऱ्याची प्रत तीच असते, टेम्पोवाला आपली देऊन जातो.

हस्तलिखित बिलांना ॲप लावणं मी सोडलं. गेल्या महिन्यात तासगावकडच्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याचं बिल आलं. आकड्यात ७,४३४, अक्षरात ‘सात हजार चारशे त्रेचाळीस मात्र’. हाताने लिहिताना अक्षरी रक्कम खरंच वेगळी लिहिली जाते, म्हणून असा फरक पडू शकतो. करपात्र ६,३०० आणि १८ टक्के ५६७ अधिक ५६७, म्हणजे ७,४३४ च बरोबर. तरी मी काहीच दुरुस्त केलं नाही, दोन्ही जसंच्या तसं उतरवून शेरा लिहिला. मामांनी फोन लावला, “अहो, नऊ रुपयं तुमच्या बाजूनं जास्त लागल्यात बघा, बिल बदलून पाठवा.” दुसऱ्या दिवशी मुलगा नवीन बिल घेऊन आला, घडी न घालता.