आपोआप मराठी कॅप्शन: द्राक्षाचा एक हंगाम वापरल्यावर

ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागायतदारांच्या चर्चासत्रांचे व्हिडिओ मी आपोआप कॅप्शनवर टाकले. साधं बोलणं ते बऱ्यापैकी उतरवतं. घोळ होतो तो नेमका ज्या शब्दांनी माणूस शोधणार, त्यांच्यात: गाव, रोग, औषध.

एक नमुना. वक्ता म्हणाला, "पिंपळगाव बसवंतला डाऊनी आला, तेव्हा मॅन्कोझेब मारलं." पडद्यावर उमटलं, "पिंपलगाव बसंतला दावणी आला, तेव्हा मन को जेब मारलं." "मन को जेब" वाचून हसू तरी येतं. खरा त्रास "दावणी"चा, कारण तो खराखुरा मराठी शब्द आहे आणि शुद्धलेखन तपासणी त्याला हातही लावत नाही. म्हणून आता कॅप्शनची एसआरटी फाइल उतरवली की आधी सगळ्या शब्दांची यादी काढून वारंवारतेने लावतो. द्राक्षाच्या व्याख्यानात "दावणी" पुन्हा पुन्हा दिसली की समजायचं, ती जनावरांची नाही.

मग सबटायटल एडिट या प्रोग्राममध्ये शोधा-बदला, तेही पूर्ण वाक्प्रयोगावर. नुसतं "बसंत" बदललं तर बसंत नावाच्या माणसाचंही बारसं होतं. उलट "पिंपलगाव बसंत" एवढं पकडलं की पुढचे ला, च्या, हून आपसूक सांभाळले जातात. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या `\b` वर मात्र विसंबू नका. काही साधनं काना-वेलांटीपाशीच शब्द संपला असं धरतात. आणि नाव दोन कॅप्शनमध्ये तुटलं असेल, पहिल्यात "पिंपळगाव" नि दुसऱ्यात "बसवंत", तर अक्षरं बरोबर असूनही शोध रिकामा येतो. अशा जोड्या हातानेच एका ओळीत आणाव्या लागतात.

सगळ्यात छुपी भानगड "ॲ"ची. "ॲसिड" दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकच अक्षर, किंवा अ वर चंद्र. दिसायला सारखं, पण युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. त्यामुळे फाइलवर हे चालवतो:

```python
text = text.replace("\u0905\u0945", "\u0972")
```

डाऊनी, डाउनी, डावनी यांतलं एकच रूप ठरवलंय, "डाऊनी". गावाकडे याच रोगाला "केवडा" म्हणून शोधणारेही असतात, पण वक्ता तसं म्हणाला नसेल तर तो शब्द कॅप्शनमध्ये घुसडत नाही. व्हिडिओखालच्या वर्णनात देतो. शेवटी बघणारा काय टाइप करेल ते चार-पाच शब्द स्वतः शोधून पाहायचे, सापडले तरच फाइल चढवायची.

श्रोत्यांमधून आलेले प्रश्न, त्यात वारा, मागे ट्रॅक्टर, तिथे कॅप्शन हात टेकतात. औषधाचं नाव ऐकू आलं नाही तर मी [अस्पष्ट] लिहितो. अंदाजाने नाव घातलं तर ते शोधात वर येईल आणि कुणीतरी तेच फवारेल.