स्लाइडच्या तळटिपांतून संदर्भसूची: हाताने, स्क्रिप्टने की झोटेरोने?

व्याख्यानाच्या स्लाइडचे पुस्तिकेत किंवा अहवालात रूपांतर करायचे ठरले, की स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत आणि चित्रांखाली विखुरलेले स्रोत एका सूचीत आणावे लागतात. पॉवरपॉइंटमध्ये वर्डसारखी तळटीप नसते. तिथली तळटीप म्हणजे हाताने ठेवलेली एक मजकूर-चौकट आणि हाताने टंकलेला वर चढवलेला आकडा. त्यामुळे प्रत्येक स्लाइडवर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो, आणि बाह्यरेखा (आउटलाइन) दृश्यातून मजकूर उचलू पाहणाऱ्याच्या हाती शीर्षके आणि मुद्दे लागतात, तळटिपा लागत नाहीत. पर्याय निवडताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

पहिला पर्याय हाताने तक्ता करण्याचा. एक्सेलमध्ये प्रत्येक तळटिपेला एक ओळ द्यायची आणि तीत स्लाइड क्रमांक, तळटीप जशी लिहिली आहे तशी, आणि ती ज्या विधानाला किंवा आकड्याला जोडली आहे ते विधान किंवा तो आकडा, असे तीन रकाने भरायचे. चौथा रकाना, म्हणजे खरा स्रोत, सुरुवातीला रिकामा ठेवायचा. काम संथ आहे, पण चित्राचाच भाग झालेला मजकूरही डोळ्यांना दिसतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

दुसरा पर्याय `python-pptx` वापरून मजकूर बाहेर काढण्याचा:

```python
from pptx import Presentation
p = Presentation("vyakhyan.pptx")
for n, s in enumerate(p.slides, 1):
    for sh in s.shapes:
        if sh.has_text_frame:
            print(n, sh.text_frame.text)
```

डझनभर फायली असतील तर याला तोड नाही. मात्र एवढ्या ओळींतून गटात बांधलेल्या चौकटी, तक्त्यातील मजकूर आणि वक्त्याची टिपणे सुटतात, आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. म्हणून तीन-चार भरगच्च स्लाइड निवडून त्यांवरील तळटिपा मोजाव्यात आणि त्या सर्व निघाल्या आहेत का, हे पडताळावे. चित्र म्हणून चिकटवलेला आलेख असेल, तर त्यावरील स्रोत या मार्गाने कधीच मिळत नाही.

तिसरा पर्याय झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा. डीओआय किंवा आयएसबीएन दिला की तो नोंद स्वतः भरतो आणि हवी ती संदर्भशैली लावतो. शोधनिबंधांसाठी तो निर्विवाद उत्तम आहे. सरकारी अहवालांना बहुधा डीओआय नसतो, तिथे नोंद हातानेच भरावी लागते, आणि संस्थेचे नाव एकाच रकान्यात न भरल्यास ते आडनाव आणि नाव असे तुटते. सूचीत एखादी संस्था ‘सायन्सेस, आय. आय.’ अशी दिसली, तर चूक इथेच झाली आहे असे समजावे.

खरी अडचण मात्र या तिन्ही पर्यायांच्या पलीकडे, स्रोताची ओळख पटवण्यात आहे. बालकुपोषणावरील एका सादरीकरणाचे उदाहरण घेऊ. एका स्लाइडवर ‘एनएफएचएस-५’, दुसरीवर ते सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेच्या नावाने ‘आयआयपीएस, २०२१’ आणि तिसरीवर ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१’ अशा तळटिपा आहेत. तिन्ही एकच आहेत असे वाटून त्या एका नोंदीत विलीन करण्याचा मोह होतो. तथापि या सर्वेक्षणाचा देशाचा अहवाल वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा, आणि त्यांची आकडेपत्रकेही वेगळी आहेत. इथे तिसरा रकाना कामी येतो. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण स्लाइडवर ३५.५ टक्के असेल तर तो देशाचा आकडा आहे, आणि ३५.२ असेल तर महाराष्ट्राचा. ३८.४ दिसल्यास तळटीप काहीही म्हणो, तो आकडा मागील म्हणजे चौथ्या फेरीतील देशाचा आहे. तळटीप नुसती वाचून हे तिन्ही फरक कळत नाहीत, आणि स्क्रिप्टने तळटिपा आकड्यांपासून वेगळ्या केल्या तर कळण्याचा मार्गच उरत नाही.

चित्रओळींचेही तसेच आहे. ‘स्रोत: गूगल’ हा स्रोत नव्हे, चित्रावरून उलट शोध घेऊन मूळ पान गाठावे लागते. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्र असेल तर शीर्षक, छायाचित्रकार, दुवा आणि परवाना या चारही गोष्टी तिथल्या पानावर मिळतात. त्या त्याच वेळी टिपून घ्याव्यात.

माझे मत असे आहे की, पन्नासेक स्लाइडची एकच फाइल असेल आणि स्रोतांत अहवाल जास्त असतील, तर हाताने तक्ता करावा. फायली अनेक असतील तर स्क्रिप्टने मजकूर काढावा, पण तळटिपेसोबत त्या स्लाइडचा सारा मजकूर तक्त्यात ठेवावा आणि चित्रांवरून स्वतंत्र फेरी मारावी. झोटेरो दोन्ही वेळा वापरावा, परंतु चौथा रकाना भरून झाल्यावरच. आधी वापरल्यास अनोळखी स्रोतांनाही नीटनेटके रूप येते आणि चूक झाकली जाते. शेवटपर्यंत चौथा रकाना रिकामाच राहिलेल्या ओळी सूचीत घेऊ नयेत. त्या स्लाइड क्रमांकासह मूळ वक्त्याकडे पाठवाव्यात, आणि उत्तर येईपर्यंत तो आकडा मजकुराबाहेर ठेवावा.